कोयरी टोकाभोवती फिरवायची आहे, पण ती स्क्रीनबाहेरच जाते (कॅनव्हास, मॅट्रिक्सचा क्रम)

नक्षीवाला

नमस्कार मंडळी. ब्राउझरमध्ये नक्षी तयार करायचं एक छोटं टूल लिहितोय. बहीण कापडावर ठसेछपाई करते, तिला कागदावर आखण्याऐवजी स्क्रीनवर नक्षी बसवून बघायची आहे. एक कोयरी काढायची, तिच्यावर कुठेही एक खूण ठेवायची आणि त्या खुणेभोवती कोयरी फिरवायची, मोठी-लहान करायची. टोकावर खूण ठेवून सहा वेळा फिरवली की फूल होतं, पोटात ठेवली की वेगळंच काहीतरी होतं. तिला खरी गंमत या खूण हलवण्यातच आहे.

कोयरीचं टोक (120, 180) वर आहे. वाचलं होतं की आधी टोक शून्यावर आणायचं, मग फिरवायचं, मोठं करायचं, मग परत जागेवर न्यायचं. तसंच लिहिलं:

```js
ctx.translate(-120, -180);
ctx.rotate(Math.PI / 2);
ctx.scale(2, 2);
ctx.translate(120, 180);
drawKoyri(ctx);
```

स्क्रीनवर काहीच दिसत नाही. कोन 0 आणि स्केल 1 ठेवलं तर कोयरी नीट जागेवर दिसते. आणखी एक प्रश्न आहे, पण आधी हा सुटू दे.

पिक्सेलराव

CSS मध्ये `transform-origin` आहे की! एका ओळीत काम होतं, मॅट्रिक्सच्या फंदात कशाला पडायचं?

नक्षीवाला

कॅनव्हासवर काढतोय हो, तिथे तसली सोय नाही. शिवाय शेवटी सगळे बिंदू एका फाइलमध्ये लिहून ठसा कोरणाऱ्याला द्यायचे आहेत, म्हणजे आकडे मलाच काढावे लागणार.

वैदेही_ग्राफिक्स

तुमच्या पायऱ्या बरोबर आहेत, फक्त कॅनव्हास त्या उलट्या क्रमाने लावतो. प्रत्येक `translate`, `rotate`, `scale` आधीच्या मॅट्रिक्सला उजवीकडून गुणलं जातं. बिंदू सगळ्यांच्या उजवीकडे असतो, त्यामुळे शेवटी लिहिलेली ओळ त्याला सगळ्यात आधी लागते. तुमच्या कोडने कोयरीच्या टोकाचं काय झालं ते बघा. आधी +(120, 180) झालं, म्हणजे (240, 360). ते दुप्पट झालं: (480, 720). 90 अंश फिरलं: (−720, 480). मग −(120, 180): (−840, 300). टोक डावीकडे कॅनव्हासच्या बाहेर गेलं आणि कोयरीही त्याच्यामागे गेली. कोन 0 आणि स्केल 1 असताना दोन्ही सरकवणी एकमेकांना खोडतात, म्हणून चूक लपून राहते. ही चाचणी नेहमी फसवते. कोन आणि स्केल दोन्ही बदलूनच तपासा.

आपल्याला हवं आहे ते असं:

M = T(p) · R · S · T(−p)

हे उजवीकडून डावीकडे वाचायचं. कोडमध्ये मात्र डावीकडून उजवीकडे याच क्रमाने ओळी लिहायच्या:

```js
ctx.translate(120, 180);
ctx.rotate(Math.PI / 2);
ctx.scale(2, 2);
ctx.translate(-120, -180);
```

मिलिंद८८

एक भर घालतो. सरकवण्याचा क्रम महत्त्वाचा, हे पटलं. पण मधल्या दोघांचा, `rotate` आणि `scale` चा, क्रम कसाही ठेवला तरी चालतो. मी माझ्या प्रोजेक्टमध्ये दोन्ही करून बघितलंय, चित्र तंतोतंत तेच येतं.

गणितप्रेमी_सुमेधा

एक शंका. फिरवणं आणि मोठं करणं 2×2 मॅट्रिक्समध्ये होतं, मग 3×3 कशासाठी? शेवटची ओळ कायम 0 0 1 च असते, तिचं काम काय?

वैदेही_ग्राफिक्स

सुमेधाताई, 2×2 ने कशालाही गुणा, (0, 0) हा बिंदू (0, 0) वरच राहतो. म्हणजे सरकवणं त्या गुणाकारात बसवताच येत नाही, ते वेगळी बेरीज म्हणून सांभाळावं लागतं. चार पायऱ्या एकापुढे एक ठेवल्या की गुणा, बेरीज करा, पुन्हा गुणा, पुन्हा बेरीज करा, अशी माळ होते आणि दोन माळा एकमेकींना जोडायच्या म्हटलं की गोंधळ होतो. बिंदूला तिसरा आकडा 1 जोडला की मॅट्रिक्सचा तिसरा स्तंभ त्या 1 ने गुणला जाऊन आपसूक मिळवला जातो. सरकवणंही गुणाकारच झालं, म्हणून सगळं एका मॅट्रिक्समध्ये मावतं. 0 0 1 ही ओळ तो 1 पुढच्या गुणाकारासाठी शाबूत ठेवते.

तिसरा आकडा 0 ठेवला तर? सरकवणी त्याला लागतच नाही, फक्त फिरणं आणि ताणणं लागतं. कोयरीच्या टोकाची दिशा दाखवणारा बाण काढायचा असेल तर ती दिशा 0 लावून गुणायची. दिशेला जागा नसते, तेव्हा ती सरकायचं कारणच नाही.

आता आपली कोयरी हाताने सोडवून दाखवते. R आणि S चा गुणाकार 2×2 मध्ये A म्हणते. 90 अंश आणि दुप्पट, म्हणजे A च्या ओळी (0, −2) आणि (2, 0). चारही मॅट्रिक्स गुणले की वरचा 2×2 भाग A च राहतो आणि तिसऱ्या स्तंभात p − A·p येतं. सगळ्या गोष्टीचं सार एवढंच आहे. p = (120, 180), A·p = (−360, 240), वजाबाकी (480, −60). म्हणून

```
x' = -2y + 480
y' =  2x -  60
```

टोक घालून बघा: −360 + 480 = 120 आणि 240 − 60 = 180. हललं नाही. पोटातला एक बिंदू घेऊ, (170, 100). तो (280, 280) वर जातो. पडताळा असा: टोकापासून तो (50, −80) वर होता, फिरून (80, 50) झाला, दुप्पट होऊन (160, 100), त्यात टोक मिळवलं की (280, 280). कॅनव्हासवर y खाली वाढतो, म्हणून टोकाच्या वर-उजवीकडे असलेला बिंदू खाली-उजवीकडे आला, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरला. वहीतल्या आलेखावर हाच मॅट्रिक्स उलट दिशेने फिरवताना दिसेल.

हे सहा आकडे थेट द्यायचे तर कॅनव्हासचा क्रम स्तंभानुसार आहे: `ctx.setTransform(0, 2, -2, 0, 480, -60)`. इथे बरेच जण ओळीनुसार आकडे भरतात आणि कोयरी उलटीकडे फिरते.

मिलिंद, तुम्ही बघितलेलं खरं आहे, पण दोन्ही दिशांना सारखंच स्केल असेल तेव्हाच. `scale(2, 2)` चा क्रम बदलून काही होत नाही. `scale(2, 1)` करून बघा आणि कोन 90 ऐवजी 45 ठेवा.

मिलिंद८८

केलं. चौकोनाचा पतंग झाला! पण क्षेत्रफळ दोन्ही वेळेला तेवढंच येतंय, मग आकार तोच म्हणायचा ना?

वैदेही_ग्राफिक्स

क्षेत्रफळ तेवढंच येणार, कारण डिटरमिनंट गुणाकाराच्या क्रमावर अवलंबून नसतो. म्हणून या बाबतीत क्षेत्रफळ मोजून काही कळत नाही.

R·S मध्ये आकार आधी स्वतःच्या रुंदीत ताणला जातो आणि मग फिरतो, त्यामुळे काटकोन काटकोनच राहतो. S·R मध्ये आधी फिरतो आणि मग स्क्रीनच्या आडव्या दिशेत ताणला जातो. चौकोनाच्या दोन बाजू 45 अंश फिरल्या की (0.707, 0.707) आणि (−0.707, 0.707). आडवं दुप्पट केलं: (1.414, 0.707) आणि (−1.414, 0.707). या दोघींमधला कोन काढा, सुमारे 127 अंश येतो. हा तिरपेपणा, शिअर म्हणतात तो.

ओळखायचं कसं, तर कॅनव्हासच्या सहा आकड्यांतले पहिले चार a, b, c, d घ्या आणि a·c + b·d काढा. शून्य आलं तर दोन्ही अक्ष अजून काटकोनात आहेत. नसेल तर कुठेतरी शिअर शिरलाय. मी विकासाच्या काळात ही तपासणी कायम चालू ठेवते, डोळ्यांना दोन-तीन अंशांचा तिरपेपणा कळत नाही.

नक्षीवाला

वैदेहीताई, चाललं! फूल झालं. बहिणीने लगेच स्क्रीनशॉट मागितला.

आता दुसरा प्रश्न. मी प्रत्येक कोयरीसाठी खूण, कोन, स्केल आणि एक सरकवणी d साठवतो, आणि दर वेळी त्यावरून मॅट्रिक्स बनवतो. फिरवलेल्या कोयरीची खूण बहीण टोकावरून पोटात नेते. फक्त खूण हलायला हवी, पण माउस सोडला की कोयरीच टुणकन दुसरीकडे जाते. शिवाय खूणही भलत्याच जागी बसते.

मिलिंद८८

मग खूण साठवूच नका ना. तयार झालेला मॅट्रिक्स साठवा. पुढचं फिरवणं आलं की नव्या खुणेभोवतीचा मॅट्रिक्स डावीकडून गुणा. जुन्या खुणेशी संबंधच उरत नाही, त्यामुळे उडी मारायचा प्रश्न नाही.

वैदेही_ग्राफिक्स

मिलिंद यांचा उपाय चालतो, आणि पुष्कळ ठिकाणी तोच बरा. पण नक्षीवाल्यांच्या टूलमध्ये 'कोन' म्हणून एक चौकट असणार, तिथे कोणी 30 लिहिणार, मग 45. नुसता मॅट्रिक्स साठवला तर आधीचे 30 त्यातून परत काढावे लागतात. शिअर नसेल आणि आरसा-प्रतिमा नसेल तर `Math.atan2(b, a)` ने कोन मिळतो. पण कोयरी दोनदा पूर्ण फिरवली होती की एकदाही नाही, ते त्यातून कळत नाही.

आता तुमच्या दोन तक्रारी वेगवेगळ्या घेऊ. खूण भलत्या जागी बसते, कारण माउस स्क्रीनचे आकडे देतो आणि तुमची p कोयरीच्या स्वतःच्या, न फिरवलेल्या आकड्यांत आहे. स्क्रीनवरचा बिंदू आधी M च्या व्यस्ताने परत न्यायला हवा. वरच्याच उदाहरणात माउस (280, 280) वर सोडला असेल तर 280 = −2y + 480 वरून y = 100 आणि 280 = 2x − 60 वरून x = 170. म्हणजे नवी खूण q = (170, 100). कोडमध्ये:

```js
const q = M.inverse().transformPoint(new DOMPoint(mx, my));
```

यातले `mx, my` त्याच पातळीचे हवेत जिच्यात M आहे. `getTransform()` मधून M घेत असाल आणि मोबाइलसाठी `devicePixelRatio` चं स्केल आधी लावलं असेल, तर ते M मध्ये मिसळलेलं येतं आणि हिशेब बिघडतो. M स्वतःच बनवून ठेवा.

कोयरी उडते ती अशी. तिसऱ्या स्तंभात d + p − A·p असतं. तुम्ही p च्या जागी q घातलं, d तोच ठेवला, की हा स्तंभ बदलतो. टोकासाठी p − A·p = (480, −60) होतं. पोटातल्या बिंदूसाठी q − A·q = (170, 100) − (−200, 340) = (370, −240). कोयरी फरकाएवढी, म्हणजे 110 डावीकडे आणि 180 वर गेली. तुमच्या स्क्रीनवर मोजून बघा, स्केल 2 आणि कोन 90 असेल तर एवढीच उडी दिसेल. ती भरून काढायची:

```
d' = d + (p - A·p) - (q - A·q)
```

इथे d मध्ये (110, 180) मिळवले की चित्र जागचं हलत नाही, फक्त खूण हलते. कोन 0 आणि स्केल 1 असताना A काहीच करत नाही, दोन्ही कंस शून्य होतात आणि उडी दिसत नाही. पुन्हा तीच फसवी चाचणी.

नक्षीवाला

मोजलं. स्क्रीनवर खरोखर 110 आणि 180 च आलं! मी दोन दिवस माउसच्या कोडमध्ये शोधत होतो.

भूमापक

चांगला धागा आहे. माझंही यातच अडलंय म्हणून विचारतो. पुण्याजवळच्या प्लॉटचा नकाशा, UTM झोन 43 मध्ये. जुन्या शीटशी जुळवायला एका कोपऱ्याच्या दगडाभोवती 3 अंशांच्या आसपास फिरवतोय. M वर लिहिलाय तसाच, WebGL मध्ये शेडरला पाठवतो. नकाशा जातो बरोबर जागी, पण झूम केलं की हद्दीच्या रेषा थरथरतात, कोपरे थोडे थोडे उडतात. क्रम चुकलाय का? y वर वाढतो म्हणून कोनाचं चिन्ह बदलून पाहिलं, थरथर तशीच.

वैदेही_ग्राफिक्स

काका, क्रम चुकला असता तर नकाशा जागीच आला नसता. हा आकड्यांच्या बारकाव्याचा प्रश्न आहे. पुण्याजवळ नॉर्दिंग सुमारे 20,48,000 मीटर येतं. शेडरमध्ये साधारण 32 बिटी फ्लोट असतो, त्यात 24 बिटांपुरतीच अचूकता आहे. 10,48,576 ते 20,97,152 या टप्प्यात दोन शेजारच्या आकड्यांमधलं अंतर 0.125 मीटर पडतं. म्हणजे तुमचा कोपरा साडेबारा सेंटीमीटरच्या जाळीवरच बसू शकतो. त्यात तयार M चा तिसरा स्तंभही लाखांत, आणि शेडर एक प्रचंड आकडा दुसऱ्या प्रचंड आकड्यातून वजा करत बसतो.

सगळं एकाच मॅट्रिक्समध्ये गोळा करणं इथे नडतं. T(−p) त्यातून बाहेर काढा. JS चा आकडा 64 बिटी असतो, तिथेच प्रत्येक बिंदूतून दगडाचे कोऑर्डिनेट वजा करा आणि उरलेले शे-दोनशे मीटरचे आकडे शेडरला पाठवा. दगडाची जागाही कॅमेऱ्याच्या जागेपासून मोजून, 64 बिटांतच वजाबाकी करून द्या. कागदावर दोन्ही सूत्रं एकच आहेत, पण मशीनमध्ये नाहीत.

भूमापक

प्लॉट जेमतेम 140 मीटरचा आहे, तेव्हा हे करता येईल. उद्या ऑफिसात करून कळवतो. पण मग प्रत्येक प्लॉटला वेगळा दगड घ्यायचा का? शेजारच्या दोन प्लॉटची सामाईक हद्द दोन वेगळ्या दगडांवरून मोजली तर मध्ये फट दिसणार नाही का?

वैदेही_ग्राफिक्स

एका पडद्यावर दिसणाऱ्या सगळ्यांसाठी वजा करायचा बिंदू एकच ठेवा. फिरवायचा दगड प्रत्येकाचा वेगळा असू शकतो, वजाबाकीचा बिंदू आणि पिव्होट एकच असण्याची गरज नाही. तालुकाभराचा नकाशा एकदम दाखवायचा असेल तर तुकडे पाडावे लागतात, आणि तुकड्यांच्या सांध्यावर फट पडू नये म्हणून काय करायचं हा मोठा विषय आहे, त्याला वेगळा धागा काढा.

गणितप्रेमी_सुमेधा

नक्षीवाले, माउसने फिरवताना दर हालचालीला मॅट्रिक्स गुणत जाता का? मुलाच्या प्रोजेक्टमध्ये तसं केलं होतं, बराच वेळ फिरवल्यावर आकार किंचित आक्रसलेला वाटला.

वैदेही_ग्राफिक्स

64 बिटांत नुसत्या गुणाकाराने डोळ्यांना दिसेल एवढं आक्रसायला फार वेळ लागेल. एवढ्यात दिसलं असेल तर मधे कुठेतरी आकडे पूर्णांकात किंवा दोन दशांशांत कापले जात असावेत. तरी पद्धत बदललेली बरी. माउस दाबला त्या क्षणाचा मॅट्रिक्स बाजूला ठेवा, आणि प्रत्येक हालचालीला त्या मूळ मॅट्रिक्सवरूनच नवा काढा. खुणेपासून माउसच्या सुरुवातीच्या जागेचा कोन आणि आताचा कोन, यांतला फरक एवढाच लागतो. Esc दाबून रद्द करणंही त्यात फुकट मिळतं.

मोठं-लहान करताना मात्र एक सांभाळा. आताचं अंतर भागिले सुरुवातीचं अंतर असं स्केल काढत असाल तर माउस नेमका खुणेवरून गेला की स्केल 0 होतं. डिटरमिनंट 0, व्यस्त नाही, आणि `inverse()` मधून सगळे NaN येतात. ते एकदा d मध्ये शिरले की कोयरी कायमची गायब. अगदी लहान स्केलला, म्हणा 0.01 ला, अडवा. सुरुवातच खुणेजवळ झाली तर उलटा त्रास होतो, भागाकार अफाट वाढतो, म्हणून काही पिक्सेलच्या आत हँडलच पकडू देऊ नका.

नक्षीवाला

दोन्ही करतो. शेवटचं एक. बहिणीला सहा कोयऱ्यांचं फूल एकत्र धरून आडवं ताणायचं आहे, अंडाकृती करायला. प्रत्येक कोयरी आधीच वेगळ्या कोनात फिरलेली आहे. ताणलं की मधल्या कोयऱ्या तिरप्या होतात, आणि माझ्या कोन-स्केलच्या चौकटींत तो तिरपेपणा लिहायला जागाच नाही.

मिलिंद८८

प्रत्येक कोयरीची फक्त खूण ताणलेल्या जागी न्या, कोयरीचा आकार तसाच ठेवा. ठसा एकच असतो ना, तो थोडाच तिरपा होणार आहे!

वैदेही_ग्राफिक्स

गटाचं आडवं स्केल डावीकडून लागतं, म्हणजे S·R. दोन्ही दिशांचं स्केल वेगळं आणि कोयरी 90 च्या पटीत नसलेल्या कोनात, मग शिअर येणारच. ते कोन आणि दोन स्केल एवढ्यांत मांडता येत नाही, आकडे कसेही बदला. मी असते तर गटाचा मॅट्रिक्स वेगळा साठवला असता आणि कोयरीच्या चौकटी तिच्या स्वतःच्या मॅट्रिक्सपुरत्या ठेवल्या असत्या. मग 30 अंश लिहिलेली कोयरी ताणलेल्या फुलात 30 अंशांवर दिसणार नाही, ही किंमत.

नक्षीवाला

मिलिंद म्हणतात तसं केलं तर ठसा एकच राहतो, पण फूल ताणल्यासारखं दिसत नाही, कोयऱ्या नुसत्या लांब सरकतात आणि टोकं सुटतात. बहिणीला दोन्ही नमुने छापून दाखवतो. ठसा कोरणाऱ्याला सहाचे चार वेगवेगळे ठसे करायला लागले तर तो काय म्हणतो, तेही बघावं लागेल.

मिलिंद८८

चार का? सहा कोयऱ्या म्हणजे सहा तिरपेपणे होतील.

वैदेही_ग्राफिक्स

पहिली कोयरी 0 अंशांवर असेल तर सहा नाही आणि चारही नाही. 0 आणि 180 ची कोयरी शिअरशिवाय ताणली जाते आणि एकच ठसा अर्धा फिरवून दोघींना चालतो. 60 आणि 240 ची जोडी तशीच, 120 आणि 300 चीही. म्हणजे खरं तर तीनच होतात. 60 आणि 120 या एकमेकींच्या आरसा-प्रतिमा झाल्या असत्या, पण कोयरीचं टोक एका बाजूला वळलेलं असतं, त्यामुळे ते दोन ठसे एक होत नाहीत.